पन्नास हजार दाणे आणि त्यांच्यामधली हवा

दीडशे मिलिलिटरची एक वाटी राळ्यांनी भरली तर त्यात साधारण १२५ ग्रॅम धान्य बसतं. राळ्याच्या एका दाण्याचं वजन अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. भागाकार केला की उत्तर येतं पन्नास हजार. तेवढ्याच वजनाच्या तांदळात दाणे असतात फार तर सहा-सात हजार. साधा भात लावणारा माणूस सहा हजार दाणे एकसारखे शिजवायला निघालेला असतो, तर राळ्याचा भात लावणारा पन्नास हजार.

हा भात मोकळा, फडफडीत झाला तर वाटीभर राळ्यांचा तीन-साडेतीन वाट्या होतो. बिघडून गिचका झाला तर जेमतेम दोन-सव्वादोन. दोन्ही पातेल्यांत धान्य तेवढंच होतं आणि पाणीही जवळपास तेवढंच. मग वाटीभराचा फरक गेला कुठे? तो हवेचा आहे. गोल दाणे कसेही ओतले, तरी त्यांच्यामध्ये ४० टक्क्यांच्या आसपास जागा रिकामी राहते. दाणे फुगले तरी गोल राहिले, तर ही रिकामी जागाही त्यांच्याबरोबर वाढते. ते फुटले, त्यांच्यातला चिकट स्टार्च बाहेर आला, की तो या जागेत भरतो आणि हवा बाहेर पडते. भिजवण्याचा वेळ, पाण्याचं प्रमाण, आचेची मात्रा, झाकण कधी काढायचं, हे सगळं या रिकाम्या जागेच्या रक्षणासाठी आहे.

आधी धान्याची ओळख. राळा आपल्याकडे भोगीच्या जेवणात येतो. पश्चिम महाराष्ट्रात अनेक घरांत त्या दिवशी बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी आणि राळ्याचा भात असतो. वरी सह्याद्रीच्या उतारांवर, इगतपुरी-त्र्यंबकेश्वरपासून कोल्हापूरच्या डोंगराळ भागापर्यंत पिकते आणि शहरात मुख्यतः उपवासाच्या निमित्ताने पोचते. मध्य भारतात तिलाच कुटकी म्हणतात. दोन्ही धान्यांवर चकचकीत, कडक टरफल असतं. ते पोटाला पचत नाही आणि पाण्याला आत येऊ देत नाही, म्हणून काढावंच लागतं. टरफलाखाली कोंड्याचा पातळ थर असतो. हा थर ठेवला की अनपॉलिश धान्य, घासून काढला की पॉलिश. कोंडा असलेला राळा पिवळसर आणि किंचित मळकट दिसतो, पॉलिश वरी पांढरीशुभ्र. हा रंगाचा फरक लक्षात ठेवावा, कारण भिजवण्याचा वेळ त्याच्यावरच ठरतो.

दाणा लहान आहे म्हणजे चटकन शिजेल, असं वाटणं साहजिक आहे. पण राळ्याच्या दाण्याची जाडी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि तांदळाचा दाणा लांब असला तरी त्याची जाडी पावणेदोन-दोन मिलिमीटरपेक्षा फारशी जास्त नसते. पाण्याला दाण्याच्या मध्यापर्यंत जायला जे अंतर कापावं लागतं, त्यात दोघांत फार फरक नाही. फरक आहे तो पृष्ठभागात. तेवढ्याच वजनाच्या राळ्यांचा एकूण पृष्ठभाग तांदळाच्या जवळपास दीडपट भरतो. पाणी आत जायला दीडपट दारं, तशीच स्टार्च बाहेर यायलाही दीडपट दारं. त्यामुळे राळ्याच्या भातात चूक माफ होत नाही. तांदूळ दोन मिनिटं जास्त उकळला तर थोडा मऊ होतो. राळा तेवढ्यात चिकट होतो.

आता भिजवण्याकडे. दाण्याच्या आत स्टार्चचे कण असतात, एकेक साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. थंड पाण्यात हे कण फुगत नाहीत. त्यांची आतली बांधणी घट्ट असते आणि ती सैल पडायला साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणजे थंड पाण्यात दाणा शिजायला सुरुवातही होत नाही, पण पाणी मात्र फटीफटींतून मध्यापर्यंत पोचून बसतं. भिजवण्याचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे. न भिजवलेला दाणा आधणात पडला की पाणी आणि उष्णता एकदमच त्याच्यावर चालून जातात. उष्णता काही सेकंदांत मध्यापर्यंत जाते, पाणी मागे राहतं. बाहेरचा थर फुगून मऊ होतो, फुटायला येतो, आणि मध्ये कोरडी कणी तशीच राहते. ती शिजवायला आणखी पाणी, आणखी वेळ द्यावा, तर बाहेरचा थर विरघळून जातो. दाताखाली कचकच आणि चमच्याला गिचका, असा दोन्हीकडून वाईट भात होतो तो यामुळे. भिजलेल्या दाण्यात पाणी आधीच मध्यावर हजर असतं. उष्णता पोचली की बाहेर आणि आत स्टार्च जवळपास एकाच वेळी उमलतो.

किती वेळ भिजवायचं? पॉलिश वरीला १५ ते ३० मिनिटं पुरतात. अनपॉलिश राळ्याला किमान दोन तास द्यावेत आणि चार तास दिले तर उत्तम, कारण कोंड्यात तेलाचा अंश असतो आणि तो पाण्याची वाट अडवतो. घाई असेल तर हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासाभरात काम भागतं. रात्रभर भिजवायला हरकत नाही, पण उन्हाळ्यात ते भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. बाहेर ठेवलं तर सकाळी पाण्यावर फेस आणि आंबूस वास येतो. मात्र चार तासांनंतर मिळण्यासारखं फार उरत नाही. दाणा थंड पाण्यात ठरावीक मर्यादेपर्यंतच पाणी घेतो, साधारण स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश, आणि मग थांबतो.

भिजलं की नाही हे घड्याळापेक्षा नखाला चांगलं कळतं. एक दाणा अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखाने दाबावा. पुरता भिजलेला दाणा न टिचता पांढऱ्या, ओलसर पिठासारखा पसरतो. मध्ये बारीकसा कडक खडा लागला आणि तो टक्‌ आवाज करून निसटला, तर अजून अर्धा तास.

भिजवण्याआधी धान्य रोळून घ्यायला विसरू नये. बारीक खडा आणि राळ्याचा दाणा आकाराने सारखेच असतात, त्यामुळे निवडताना नजर फसते. खोलगट भांड्यात भरपूर पाणी घालून भांडं गोल फिरवत पाण्याबरोबर धान्य थोडं थोडं दुसऱ्या भांड्यात ओतत गेलं की जड खडे तळाशी राहतात. तीन-चार पाण्यांनी धुतल्यावर वरचं पीठही निघून जातं. हे पीठ म्हणजे दळताना-घासताना चुरा झालेल्या दाण्यांचा मोकळा स्टार्च. तो पातेल्यात गेला तर दाणे न फुटताही खळ तयार होते. पाणी गढूळ न राहता जरासं धुरकट दिसू लागलं की पुरे.

पाण्याच्या प्रमाणावर कुणाचंच एकमत नसतं. कुणी एकास दोन सांगतं, कुणी दीड, कुणी अडीच. गंमत म्हणजे यातले बहुतेक सगळे बरोबर असतात. ते वेगवेगळी पाणी मोजत असतात, एवढंच. एका वाटीचा हिशोब करून पाहू.

मोकळ्या शिजलेल्या राळ्याच्या भातात साधारण दोन तृतीयांश वजन पाण्याचं असतं. १२५ ग्रॅम राळे एवढं ओलं व्हायला २२० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यातलं ४० ते ४५ मिलिलिटर दाण्यांनी भिजतानाच घेतलेलं असतं. उरलं १७५. हे झालं दाण्यांचं पाणी. आता पातेल्याचं पाणी. झाकण असलेल्या साध्या पातेल्यात पंधरा मिनिटांत वाफेच्या रूपाने ५० ते ७५ मिलिलिटर निघून जातं. झाकण सैल असेल, आच मोठी असेल तर त्याहून जास्त. दोन्ही मिळून घालायचं पाणी झालं २२५ ते २५०, म्हणजे दीड ते पावणेदोन वाट्या. धान्य भिजवून, पूर्ण निथळून घेतलं असेल तर हे प्रमाण. न भिजवता केलं तर ४५ मिलिलिटर जास्त लागेल आणि शिजायला वेळ जास्त म्हणून वाफही जास्त जाईल. दोनाच्या वर, अडीचपर्यंत. एकास दोन म्हणणारी बाई बहुधा भिजवलेलं पाणी ओतून देत नसते किंवा तिचं झाकण सैल असतं.

हा हिशोब एकदा मांडला की दुप्पट भात करताना पाणी दुप्पट का घालू नये, हेही उलगडतं. दोन वाट्या राळ्यांना दाण्यांचं पाणी दुप्पट लागेल, ३५०. पण पातेलं एकच आणि वेळही जवळपास तोच, म्हणून वाफेचं पाणी तेवढंच राहील, ७० धरा. एकूण ४२० मिलिलिटर, म्हणजे पावणेतीन वाट्यांपेक्षा जरा जास्त. सवयीने साडेतीन वाट्या घातल्या की शंभरेक मिलिलिटर पाणी जादा होतं आणि पाहुण्यांच्या दिवशीच भात आसट होतो. कुकरमध्ये भांडं ठेवून शिजवलं तर वाफ जाते ती भांड्याबाहेरच्या, तळाच्या पाण्याची. आतलं फारसं उडत नाही. तिथे भिजलेल्या वाटीभर राळ्याला सव्वा वाटी पाणी पुरतं. पण कुकरमध्ये तापमान शंभराच्या बरंच वर जातं आणि दाणा कुठे पोचलाय हे बघताही येत नाही. मोकळा भात हवा असेल तर पातेलंच बरं. कुकर खिचडीसाठी आणि पेजेसाठी ठेवावा.

आता प्रत्यक्ष भात लावू. वाटीभर अनपॉलिश राळे धुवून, तीन तास भिजवून, बारीक गाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवले. निथळणं नीट झालं नाही तर दाण्यांच्या मधल्या फटींत अडकलेलं पाणी हिशोबात येत नाही, आणि लहान दाण्यांच्या फटींत ते बरंच अडकतं. रुंद, जाड बुडाचं पातेलं घेतलं. रुंद अशासाठी, की थर जितका उंच तितका खालच्या दाण्यांवर वरच्यांचा भार जास्त. शिवाय बारीक दाण्यांमधून वाफेला वर यायला वाटा अरुंद असतात. शिजल्यावर थर दोन इंचांच्या आत राहील असं पातेलं चांगलं. त्यात पावणेदोन वाट्या पाण्याचं आधण ठेवलं, मीठ आणि चमचाभर तेल घातलं. आधण खळखळल्यावर राळे वैरले, एकदाच ढवळले. थंड पाण्यात घालून सावकाश तापवलं तर दाणे त्या ६५-७५ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळतात आणि तेवढा वेळ स्टार्च पाण्यात उतरत राहतो. उकळत्या पाण्यात हा पट्टा लगेच ओलांडला जातो.

पुन्हा उकळी आली की मध्यम आचेवर, झाकण अर्धवट ठेवून पाच-सहा मिनिटं. या वेळात हात आवरायचा. ढवळलं की फुगलेल्या दाण्यांची मऊ कातडी एकमेकांवर घासून फाटते. पाण्याची पातळी धान्याच्या खाली गेली आणि पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं पडून त्यांतून वाफ यायला लागली, की आच अगदी मंद करून झाकण घट्ट बसवायचं. इथून पुढे भात पाण्यात नव्हे, वाफेवर शिजतो. सहा-सात मिनिटांनी एक दाणा काढून बघायचा.

बघायचा कसा, याची एक युक्ती तांदळाच्या प्रयोगशाळेतून आलेली आहे. तिथे शिजणारे दाणे ठरावीक अंतराने काढून दोन काचांमध्ये दाबतात आणि मध्ये अपारदर्शक पांढरा ठिपका दिसतो का ते पाहतात. दहापैकी नऊ दाण्यांत ठिपका नाहीसा झाला की भात शिजला असं धरतात. हा ठिपका म्हणजे न उमललेला स्टार्च. उमललेला स्टार्च अर्धपारदर्शक होतो. घरी दोन काचेच्या बशा पुरतात. आठ-दहा दाणे एका बशीवर ठेवून दुसरीच्या तळाने दाबायचे आणि उजेडासमोर धरायचं. राळ्याच्या पिवळसर चकतीत पांढरा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा, पण स्वच्छ दिसतो. बहुतेक दाण्यांत दिसला तर चमचाभर गरम पाणी शिंपडून आणखी तीन मिनिटं ठेवायचं. एखाद्याच दाण्यात असेल तर गॅस लगेच बंद करायचा, कारण उरलेलं काम पातेल्यातली उष्णता करते.

गॅस बंद केल्यावर झाकण न काढता दहा मिनिटं थांबायचं. बाहेरून काही घडत नाही असं वाटतं, पण या दहा मिनिटांत दोन गोष्टी होतात. तळाशी जास्त ओलं आणि वर जास्त कोरडं असतं, ते वाफेच्या ये-जा करण्याने सारखं होतं. आणि दाण्यांच्या पृष्ठभागावर आलेल्या स्टार्चमधला अमायलोज हा घटक थंड होताना पुन्हा घट्ट बांधला जाऊ लागतो. गरम असताना तो डिंकासारखा वागतो, जरा निवला की दाण्यावरची कातडी घट्ट होते. म्हणून आचेवरून उतरवल्या उतरवल्या ढवळलेला भात चिकटतो आणि दहा मिनिटांनी काट्याने हलक्या हाताने उकरलेला तोच भात सुटा होतो. उलथन्याने दाबून उलटवण्यापेक्षा काटा बरा. चार दात्यांमधून दाणे अलगद निसटतात. मोठ्या प्रमाणात केला असेल तर परातीत पसरावा, म्हणजे आतली वाफ दाण्यांना पुढे शिजवत राहत नाही.

या अमायलोजची एक थक्क करणारी बाजू आहे. राळा माणसाने पहिल्यांदा लागवडीला आणला तो उत्तर चीनमध्ये, काही हजार वर्षांपूर्वी. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या काही भागांत राळ्याचे असे वाण आहेत, की ज्यांच्यात अमायलोज जवळपास नसतोच. अमायलोज तयार करणारं एक जनुक त्यांच्यात बंद पडलेलं आहे. अशा राळ्याला कितीही भिजवा, पाणी कितीही मोजा, तो मोकळा होणार नाही, गोळाच होणार. तिथल्या लोकांना चिकट पदार्थच हवे होते, म्हणून त्यांनी नेमके हे वाण जपले. आपल्याकडच्या राळ्यांत अमायलोज भरपूर असतो. त्यामुळे चिकट राळ्याचा दोष आपल्याला धान्यावर ढकलता येत नाही.

वरीची गोष्ट थोडी वेगळी, आणि आपल्या घरांत तिच्यासाठी वेगळी रीतच आहे: तुपावर परतायची आणि वरून उकळतं पाणी घालायचं. पॉलिश वरीला कोंडा नसतो, म्हणून पाणी पटकन आत जातं, पण स्टार्चही तितक्याच पटकन बाहेर येतो. तूप दाण्यावरच्या मोकळ्या पिठाला धरून ठेवतं आणि परतल्याने बाहेरचा थर जरा कडक होतो. वरी १५ मिनिटं भिजवून, निथळून, मध्यम आचेवर दाणे एकमेकांपासून सुटून पातेल्यात सळसळू लागेपर्यंत परतावी. तीन-चार मिनिटं लागतात. मग वाटीला पावणेदोन वाट्या उकळतं पाणी. उपवासाची आसट भगर हवी असेल तर तीन वाट्या. तिथे मोकळेपणा नकोच असतो.

प्रमाणाची धास्ती वाटत असेल तर कोकणी भातासारखं वेळून घ्यावं. भिजलेले राळे भरपूर उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटं शिजवून, पांढरा ठिपका अगदी बारीक उरला की बारीक गाळणीत ओतायचे आणि पातेल्यात परत घालून झाकणाखाली पाच मिनिटं वाफ द्यायची. बाहेर आलेला स्टार्च पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून भात हमखास सुटा होतो. त्या पाण्यात थोडी पोषणद्रव्यंही जातात. ते मीठ घालून पेजेसारखं प्यावं.

एक बिघाड मात्र कुठल्याच युक्तीने सुधारत नाही. कोंड्यात तेल असल्यामुळे टरफल काढलेला अनपॉलिश राळा काही महिन्यांत खवट होतो. कोमट पाण्यात मूठभर टाकून वास घ्यावा. जुन्या तेलासारखा वास आला तर तो शिजवूनही कडूच लागणार. वरीच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. दमट जागी ठेवलेल्या भगरीला बुरशी लागते, आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येत राहतात. बुरशीने सोडलेली काही विषं उकळल्यावरही तशीच राहतात. म्हणून सुटी, जुनी भगर आणि तिचं तयार पीठ टाळावं. तारीख पाहून पाकीटबंद घ्यावी, कोरड्या डब्यात ठेवावी आणि कुबट वास आला तर टाकून द्यावी.

उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशी दाणे टणक होतात. स्टार्च आणखी घट्ट बांधला गेलेला असतो. तांदळापेक्षा राळ्यात हे जास्त जाणवतं, म्हणून तो गरमच वाढावा असं सांगतात. पण फोडणीला हाच टणकपणा कामी येतो. कढईत हलवले तरी थंड दाणे चिरडत नाहीत. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, शेंगदाण्यांची फोडणी करून त्यात हा भात घालावा, वरून दोन चमचे पाणी शिंपडावं आणि झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ आणावी. उष्णतेने स्टार्चची बांधणी पुन्हा थोडी सैल पडते, दाणा आतून मऊ होतो आणि बाहेरून सुटाच राहतो. आदल्या दिवशी गिचका झाला असेल, तर मात्र फोडणीने तो सुटत नाही; त्यात ताक आणि थोडं पीठ घालून धिरडी करावीत.